फूल गळतंय, पण कोणतं? काकडी, दुधी आणि गिलक्याच्या वेलाला फळ का धरत नाही

आपल्या खान्देशात पावसाळ्याच्या तोंडावर घरोघरी कुंपणाला, पऱ्हाटीच्या मांडवाला किंवा गच्चीवरच्या दोरीला एखादा तरी वेल चढतो. काकडी, दुधी, गिलकं, दोडकं, कारलं, डांगर यांपैकी काहीतरी असतंच. पहिल्यांदा वेल लावणाऱ्याची तक्रारही ठरलेली असते. ‘फुलं तं येतस, पन फय धरत नही.’ मग कोणी खत सुचवतो, कोणी टॉनिकची बाटली आणायला सांगतो. माझं म्हणणं एवढंच आहे की काहीही आणण्याआधी दोन गोष्टी पाहा. गळणारं फूल नर आहे की मादी, आणि त्या वेलाचं फूल दिवसाच्या कोणत्या वेळी उमलतं. घरच्या वेलांच्या बहुतेक तक्रारी या दोन गोष्टी पाहिल्यावर सुटतात.

आधी फूल उलटून पाहा

टोमॅटो किंवा वांग्याच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात. या वेलांचं तसं नाही. एकाच वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी येतात. ओळखायला फुलाच्या आत डोकावायचीही गरज नाही. पाकळ्यांच्या मागे, देठाच्या बाजूला पाहा. मादी फुलाच्या मागे इवलंसं तयार फळ असतं. काकडीला बारीक काटेरी लव असलेली बोटाच्या पेराएवढी काकडी, दुधीला मऊ केसाळ चिमुकला दुधी, कारल्याला खडबडीत बारकं कारलं. नर फुलामागे फक्त सरळ बारीक देठ. दुधीच्या नर फुलाचा देठ चांगला लांब असतो आणि फूल पानांच्या वर उंच उभं राहतं. मादी फूल आखूड देठावर, वेलाला चिकटून बसतं, म्हणून पानाआड सहज नजरेतून सुटतं.

आतून पाहायचं असेल तर नर फुलाच्या मधोमध पिवळ्या पुडीने भरलेला दांडा दिसतो. बोट लावलं की बोटाला पिवळं लागतं. तेच पराग. मादी फुलात त्या जागी तीन फाकांची ओलसर, चिकट गाठ असते. त्या गाठीवर पराग पडले आणि आतपर्यंत पोचले, तरच मागचं फळ वाढतं. नाही पोचले तर वेल ते फळ सोडून देतो.

गिलकं आणि दोडक्यात नवख्यांची आणखी एक फसगत होते. त्यांची नर फुलं एका लांब दांड्यावर घोसाने येतात आणि रोज एक-दोन उमलून गळतात. मादी फूल बहुतेक एकटंच, त्याच पानाच्या बगलेत असतं. घोस झडून नुसता दांडा उरला की सगळा बहर गेला असं वाटतं. खरं तर त्या दांड्याला फळ लागणारच नव्हतं.

पहिले काही दिवस सगळी फुलं गळणारच

काकडीला पेरणीपासून साधारण 35 ते 40 दिवसांत फूल दिसतं, दुधीला थोडं उशिरा. पण सुरुवातीला जी येतात ती जवळजवळ सगळी नर फुलं असतात. मादी फुलं त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी दिसू लागतात. नर फूल एक दिवस जगतं, पराग देतं आणि गळतं. म्हणून या काळात वेलाखाली फुलांचा सडा पडला तर काहीही करायचं नाही. पुढे मादी फुलं सुरू झाल्यावरही नर फुलं संख्येने कितीतरी जास्त राहतात. एका मादीमागे दहा-पंधरा नर असणं अगदी सामान्य आहे.

काळजी कधी करायची? वेल चांगला फोफावला, फुलं सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि तरीही एकसुद्धा मादी फूल नाही, तेव्हा. त्याची कारणं बहुतेक दोनच असतात. एक म्हणजे नत्र जास्त झालं. ताजं शेण, कोंबडीखत किंवा मूठमूठ युरिया पडला की पानं हाताच्या पंजाहून मोठी, गडद हिरवी होतात आणि वेल पानं वाढवण्यातच गुंततो. युरिया बंद करा. जुनं कुजलेलं शेणखत पुरतं. दुसरं कारण ऊन. तापमान जास्त आणि दिवस मोठा असला की या वेलांवर नर फुलं वाढतात, मादी घटतात. थोडा गारवा आणि लहान दिवस असला की उलट होतं. म्हणूनच उन्हाळी वेल जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला टोकलेला बरा. मार्चअखेर टोकलेल्या वेलाला आखाजीनंतरच्या उन्हात फूल येतं आणि तेही बहुतेक नर.

दुधीच्या बाबतीत एक सोपा उपाय आहे. त्याची मादी फुलं मुख्य वेलापेक्षा बगलफुटव्यांवर जास्त येतात. वेल मांडवावर पोचला की मुख्य शेंडा खुडा. खालून-मधून फुटवे निघतात आणि त्यांच्या पहिल्या काही पेरांतच मादी कळ्या दिसू लागतात. काही शेतकरी मादी फुलं वाढवायला इथ्रेलची फवारणी करतात. पण ती वेल दोन ते चार पानांचा असतानाच लागू पडते. फुलावर आलेल्या वेलावर आता ती मारून उपयोग नाही, आणि घरच्या दोन-तीन वेलांसाठी तिची गरजही नाही.

मादी फूल गळत असेल तर ते कसं गळतं ते बघा

इथे थोडं थांबून निरखावं लागतं, कारण गळण्याच्या तऱ्हेवरून कारण कळतं.

कळी न उमलताच, नर-मादी दोन्ही, देठापासून गळत असेल तर वेलाला ताण आहे. उन्हाळ्यात गोणीत किंवा कुंडीत लावलेल्या वेलाचं हे नेहमीचं दुखणं. दुपारी पानं लोळतात, संध्याकाळी पाणी मिळाल्यावर उठतात, पण तोवर वेलाने कळ्या सोडलेल्या असतात. अशा वेळी सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी द्या आणि मुळाशी पालापाचोळ्याचं किंवा उसाच्या पाचटाचं आच्छादन करा. काळ्या जमिनीत पावसाळ्यात उलटा प्रकार होतो. आळ्यात पाणी साचून मुळं गुदमरतात आणि तेव्हाही कळ्या गळतात. तिथे पाणी काढून द्यायची चरी हवी.

फूल नीट उमललं, मिटलं, आणि मग दोन-चार दिवसांत मागचं बारकं फळ टोकाकडून पिवळं पडून सुरकुतलं, मऊ होऊन गळालं, तर परागीभवन झालेलं नाही. घरच्या वेलांवर सर्वांत जास्त दिसणारा प्रकार हाच.

फळ धरलं, पण एका बाजूने फुगलं, दुसरीकडे निमुळतं राहिलं किंवा वाकडं झालं, तर पराग पोचले पण अपुरे पोचले. एका काकडीत शेकड्याने बिया असतात आणि त्या भरायला तितके परागकण लागतात. एका माशीच्या एका भेटीत ते होत नाही. मधमाश्या पुन्हा पुन्हा यायला हव्यात.

फळ अंगठ्याएवढं किंवा त्याहून मोठं झालं आणि मग पिवळं पडलं, तर परागाला दोष देण्याआधी ते फळ कापा. सालीवर सुईने टोचल्यासारखा ठिपका आणि त्यातून डिंकासारखा थेंब, आत पांढऱ्या अळ्या दिसल्या तर ती फळमाशी. तिच्यावर हाताने परागीभवन करून काही होणार नाही. अशी फळं वेलाखाली पडू देऊ नका, कारण अळी मातीत शिरून कोश करते आणि त्यातून पुन्हा माशी निघते. पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाका किंवा दीड-दोन फूट खोल पुरा. क्यू ल्युअरचा सापळा मांडवाजवळ टांगा. त्यात नर माश्या अडकतात, त्यामुळे पैदास कमी होते. फळ मात्र सर्वांत चांगलं वाचतं ते धरल्यावर लगेच कागदाच्या पिशवीने झाकल्याने.

आणखी एक शेवटची शक्यता. वेलावर आधीच तीन-चार फळं वाढत असतील तर नवीन मादी फुलं परागीभवन होऊनही गळू शकतात. वेल तेवढा भार उचलू शकत नाही. बियांसाठी म्हणून एखादा दुधी पिकायला ठेवला तर त्या वेलाची नवी फळं हमखास कमी होतात. भाजीसाठी हवं असेल तर कोवळं तोडत राहा आणि बियांसाठी वेगळा वेल राखा.

परागीभवन का होत नाही

या वेलांचे पराग जड आणि चिकट असतात. वाऱ्याने ते उडत नाहीत, म्हणून वेल हलवून काही साधत नाही. ते कोणीतरी उचलून न्यावे लागतात. काकडी, कारलं, डांगर, गिलकं यांच्यावर ते काम सातेरी आणि फुलोरी मधमाश्या, आग्या मोहोळाच्या माश्या आणि काळे भुंगे करतात. गावाबाहेरच्या शेतात त्या असतात. शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीवर मात्र एकच काकडीचा वेल असेल तर माशीला तिथवर येण्याचं कारण नसतं. शेजारी तुळस फुलावर येऊ द्या, झेंडू लावा, तरच त्या फिरकतात.

फवारणीची वेळही इथे महत्त्वाची आहे. काकडी-कारल्यावर सकाळी कीटकनाशक मारलं की माश्या मरतात किंवा दूर पळतात. फवारायचंच असेल तर सूर्य मावळल्यावर, फुलं मिटलेली आणि माश्या पोळ्यात परतलेल्या असताना. दुधीच्या वेलाला मात्र हा नियम लागू नाही. त्याचं कारण पुढे येतंच.

मग खान्देशाचं ऊन. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा 43-44 वर जातो. 35-36 च्या पुढे गेलं की काकडीचे पराग कमजोर होऊ लागतात, आणि कोरड्या झळांनी मादी फुलातली चिकट गाठ दुपारच्या आत सुकते. तेव्हा माश्या आल्या तरी फळ धरेलच असं नाही. पत्र्यावर चढवलेल्या वेलाला तर खालूनही चटका बसतो. वेल पत्र्यावरून उतरवून पऱ्हाटीच्या किंवा बांबूच्या मांडवावर घ्या. पश्चिमेकडून सावलीची जाळी बांधली तरी फरक पडतो. पण मेच्या मध्यात हे सगळं करूनही फळं थोडीच मिळतील हे आधीच धरून चाला. वेल जिवंत ठेवा, पहिल्या पावसानंतर तो पुन्हा धरू लागतो.

पावसाळ्यात अडचण वेगळी. झडीच्या दिवसांत माश्या बाहेर पडत नाहीत, आणि उघड्या फुलात पाणी साचलं की पराग फुटून निकामी होतात. तीन दिवस झड लागली तर त्या तीन दिवसांची फुलं गेली असं समजायचं.

कोणतं फूल कधी उमलतं

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथेच मेहनत वाया जाते. पिवळ्या फुलांपैकी काकडी, कारलं, डांगर आणि गिलकं पहाटे ते सकाळी उमलतात. डांगर तर उजाडायच्या आधीच उघडतं. सकाळी नऊ-दहापर्यंत त्यांचं काम आटोपतं. दुधीचं पांढरं फूल मात्र दिवस कलल्यावर, पाच ते आठच्या दरम्यान उमलतं, रात्रभर उघडं राहतं आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर येता येता मलूल होतं. त्याच्यावर मधमाशी नव्हे, रात्रीचे पतंग येतात. पडवळाचं पांढरं, झालरीचं फूलही संध्याकाळचंच. दोडकं पिवळं असूनही संध्याकाळी उमलतं, त्यामुळे त्याला गिलक्यासारखं समजू नका.

म्हणूनच दुधीवर संध्याकाळची फवारणी नको. त्याला सकाळी, फुलं मिटल्यावर आणि ऊन तापायच्या आत फवारा, पण शेजारी काकडी उमललेली असेल तर तिच्यावर तुषार जाऊ देऊ नका.

हाताने परागीभवन, पायरीपायरीने

आदल्या दिवशी मादी कळ्या हेरून ठेवा. उद्या उमलणारी कळी फुगलेली असते आणि टोकाला पाकळीचा रंग डोकावतो. तिच्या देठाजवळ रंगीत दोरा सैल बांधा, म्हणजे पानांत शोधावी लागत नाही.

काकडी, कारलं, गिलकं, डांगर यांच्यासाठी सकाळी सहा ते आठ, दुधी-दोडक्यासाठी संध्याकाळी सहानंतर जा. अंधार पडला तर विजेरी घ्या. त्याच वेळी उमललेलं ताजं नर फूल देठासकट खुडा. बोट लावून पाहा. पिवळी पूड लागली तर फूल कामाचं. बोट कोरडंच राहिलं तर ते कालचं आहे किंवा पावसाने धुतलं गेलं आहे, दुसरं घ्या.

नर फुलाच्या पाकळ्या मागे वळवा किंवा तोडून टाका, म्हणजे मधला दांडा मोकळा होतो. तो मादी फुलातल्या तिन्ही फाकांवर हलकेच फिरवा. तिन्ही फाकांवर पिवळं दिसलं पाहिजे. एकाच फाकेला लागलं तर फळ वाकडं निघू शकतं. एक नर फूल दोन मादी फुलांना पुरतं, पण नर फुलं भरपूर असतातच, म्हणून एका मादीला दोन वापरले तर जास्त चांगलं. वेल दुसरा असला तरी चालेल, जात तीच हवी. दुधीचा पराग काकडीला चालत नाही. त्यामुळे काकडीशेजारी कारलं लावल्याने काकडी कडू होते ही समजूतही खरी नाही.

पावसाची चिन्हं असतील तर काम झाल्यावर मादी फुलावर कागदाचा कोन टोपीसारखा घाला आणि दुसऱ्या दिवशी काढा.

अमळनेरच्या एका मांडवाची गोष्ट

आमच्या नात्यातल्या एका मावशींनी जुलैच्या सुरुवातीला अंगणात काकडी आणि दुधी शेजारी शेजारी टोकले. पोळ्याच्या सुमारास काकडी घरात पुरून उरत होती आणि दुधीचा एकही धरत नव्हता. मादी फुलं येत होती, चौथ्या-पाचव्या दिवशी बोटाएवढे दुधी पिवळे पडून गळत होते. मावशींना हाताने परागीभवन कसं करतात ते माहीत होतं. रोज सकाळी सात वाजता पाणी घालून झालं की त्या दोन्ही वेलांना नर फूल फिरवत होत्या. काकडीला ते बरोबर वेळेवर पडत होतं. दुधीचं फूल मात्र तोवर मलूल झालेलं असायचं.

मी त्यांना म्हटलं, ‘मावशी, आज दिवाबत्तीच्या वेळी जा, आणि तीन कळ्यांना दोरा बांधा.’ त्यांनी दोन मादी फुलांना संध्याकाळी साडेसहाला ताज्या नर फुलाचा दांडा लावला, तिसरं मुद्दाम तसंच सोडलं. दोन दिवसांनी फरक दिसू लागला. परागीभवन झालेल्या दोन्ही फुलांचा देठ जाड होऊन खाली वळू लागला आणि मागचा दुधी चकाकत वाढला. सोडलेलं तिसरं चौथ्या दिवशी टोकाकडून पिवळं झालं आणि सहाव्या दिवशी गळालं.

मग दोनपैकी एक दुधी वीतभर झाल्यावर एका बाजूने पिवळा पडला. मावशींना वाटलं, परागीभवन फसलं. त्यांनी तो कापला तर आत अळ्या होत्या. फुलाचं काम झालेलं होतं, नुकसान फळमाशीने केलं होतं. दुसऱ्या दुधीला त्यांनी वर्तमानपत्राची लांब पिशवी करून बांधली, खालचं तोंड थोडं उघडं ठेवून. तो परागीभवनानंतर साधारण दोन आठवड्यांनी तोडला. नखाने साल सहज रुतत होती, म्हणजे कोवळा होता. त्यानंतर त्या रोज संध्याकाळी मांडवाखाली जाऊ लागल्या आणि प्रत्येक धरलेल्या फळाला दुसऱ्या दिवशी पिशवी घालू लागल्या.

जिथे हे लागू पडत नाही

कर्टुलं आणि परवल यांचा नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो. सातपुड्याच्या पायथ्याहून एकच कर्टुल्याचा कंद आणून लावला आणि त्याला कधीच फळ आलं नाही, तर तो नर असू शकतो, किंवा मादी असून जवळ नर नसेल. अशा वेळी आठ-दहा मादी वेलांत एक नर वेल ठेवावा लागतो. बाजारातून कंद घेताना विकणाऱ्याला नर-मादी विचारूनच घ्या.

शेडनेट आणि पॉलिहाऊससाठी मिळणाऱ्या काही संकरित काकड्यांना जवळजवळ फक्त मादी फुलं येतात आणि त्यांना परागाशिवायच बिनबियांची फळं लागतात. त्या वेलावर नर फूल दिसलं नाही म्हणून घाबरू नका, आणि हाताने परागीभवनही करू नका. पराग मिळाला तर अशा काकडीत बिया धरतात आणि ती बेढब फुगते. बियाण्याच्या पाकिटावर तसं लिहिलेलं असतं, म्हणून पाकीट फेकण्याआधी वाचून ठेवा.